तीस तारखेची रात्र कुठं गेली?

महिन्याच्या सात तारखेला पगार खात्यात जमा झाला आणि सातशे रुपये कमी आले. पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर रात्रीची ड्यूटी करणारे हे गार्ड मूळचे परभणीकडचे, वय पन्नाशीच्या पुढचं. ड्यूटी रात्री आठ ते सकाळी आठ. एजन्सीनं कामावर घेताना तोंडी ठरवलेला पगार बारा तासांचे, सव्वीस ड्यूट्यांचे 18,200. म्हणजे एका ड्यूटीचे 700. तेव्हा एक ड्यूटी कुठंतरी गळाली, हे त्यांना मोबाइलवरचा मेसेज वाचतानाच कळलं. कोणती, हे शोधायला मात्र सुपरवायझरचं मस्टर हवं होतं.

गार्डांच्या खिशात छोटी डायरी असते तशी यांच्याही आहे. पानावर चारच रकाने: तारीख, आलो किती वाजता, गेलो किती वाजता, चार्ज कोणाला दिला. जून महिन्यात त्यांच्या चार सुट्ट्या झाल्या आणि सव्वीस रात्री भरल्या. मस्टरवर मात्र पंचवीसच हजेऱ्या. दोन्ही कागद समोर ठेवून एकेक तारीख मिळवत गेल्यावर सापडलं ते असं : 30 तारखेचा चौकोन रिकामा.

रात्रपाळीच्या माणसाचं हे नेहमीचं दुखणं आहे. सुपरवायझरनं 30 तारखेला संध्याकाळी मस्टर बंद करून ऑफिसला पाठवलं. गार्ड आले रात्री आठला, गेले 1 जुलैला सकाळी आठला. जूनचं मस्टर ते येण्याआधीच गेलेलं होतं. जुलैच्या मस्टरवर 1 तारखेला त्यांची सुट्टी, कारण त्या रात्री ते आलेच नाहीत. अशी ती रात्र ना जूनमध्ये दिसली ना जुलैमध्ये. कारखाने कायद्यापासून चालत आलेला नियम याबाबत स्पष्ट आहे : पाळी मध्यरात्रीपलीकडे गेली तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्याच दिवसात धरायचे. रात्र ज्या तारखेला सुरू झाली, त्या तारखेची. तेव्हा ती ड्यूटी जूनचीच होती.

सुपरवायझर वयानं लहान. “मामा, मस्टरवर नाही तर मी काय करू?” असं त्यानं सुरुवातीला म्हटलं. मामांनी वाद घातला नाही. गेटवरचं चार्ज रजिस्टर उघडून दाखवलं. त्यात 30 तारखेला रात्री आठला दिवसाच्या गार्डची चार्ज दिल्याची सही होती आणि 1 तारखेला सकाळी त्यांची स्वतःची. शिवाय रात्री दर तासाला गेटवरचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा, असा एजन्सीचाच नियम. गार्ड झोपलेला नाही हे कळावं म्हणून केलेला. त्या रात्रीचे सगळे फोटो वेळेसह ग्रुपवर होते. ज्या फोटोंनी गार्डवर पहारा ठेवला जातो, तेच त्याच्या हजेरीचा सगळ्यात पक्का पुरावा ठरतात. मेमरी भरली म्हणून बरेच गार्ड ते महिनाअखेरीस पुसून टाकतात. पगार जमा होऊन हिशोब मिळेपर्यंत तरी ते पुसू नयेत.

सातशे रुपये पुढच्या पगारात द्यायचं सुपरवायझरनं मान्य केलं. इथं बहुतेकांची गोष्ट संपते. या मामांनी मात्र डायरीतला तिसरा रकाना पुढे केला.

12 तारखेला दिवसाचा गार्ड आलाच नाही. पॉइंट सोडून जाता येत नाही, म्हणून मामा दुपारी दोनपर्यंत थांबले. सहा तास. 21 तारखेला रिलीव्हर साडेदहाला आला. अडीच तास. बाकी दिवशी दहा-वीस मिनिटांचे उशीर मिळून दीड तास. एकूण दहा तास. मस्टरवर यातला एकही नाही. उलट 12 तारखेला दिवसाच्या गार्डची पूर्ण हजेरी लागलेली, तर गेटच्या रजिस्टरमध्ये त्याची पहिली सही दुपारी दोनची. मस्टर खरं आहे का, हे ओळखायची ही सोपी खूण आहे : ज्या दिवशी रात्रीचा गार्ड उशिरा सुटला, त्या दिवशी सकाळच्या गार्डची हजेरी कशी लागली आहे ते पाहायचं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण हे दहा तास म्हणजे वरचेवरचे. आठवड्याचे कामाचे तास 48. बारा तासांच्या सहा रात्री म्हणजे 72. आठवड्याला 24 तास जादा, रात्रीमागे चार. सव्वीस रात्रींचे 104 तास. जादा तासाला किमान दुप्पट दर द्यायचा, हे 1948 च्या किमान वेतन कायद्याखालच्या नियमांतही होतं आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे. हिशोब सोपा व्हावा म्हणून धरू की आठ तासांच्या दिवसाचा महिन्याचा पगार 15,600 आहे. सव्वीसनं भागलं की दिवसाचे 600, तासाचे 75, ओव्हरटाइमचे 150. चार जादा तासांचे पुन्हा 600 होतात! म्हणजे बारा तास उभ्या असलेल्या गार्डला रोज दोन दिवसांचा पगार मिळायला हवा. महिन्याचे 31,200, वर ते दहा तासांचे 1,500.

हातात काय येतं? 18,200. म्हणजे 104 जादा तासांचे अवघे 2,600 रुपये, तासाला पंचवीस. “बारा तासांचा पगार” असा एकच आकडा सांगितला की ओव्हरटाइम त्यातच विरघळतो आणि कोणी विचारत नाही. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो, आणि तो हिशोबाच्या चुकीतून होत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तीन महिन्यांत 125 तास ओव्हरटाइमची मर्यादा घातली होती. बारा तासांच्या ड्यूटीत एकाच महिन्यात 104 होतात. खरे तास लिहिले तर कागदच गुन्हा सांगेल. म्हणून मस्टरवर तास लिहीतच नाहीत, नुसती ‘पी’ लावतात.

एजन्सीकडून आणखी एक उत्तर हमखास येतं : जेवणाचा आणि विश्रांतीचा वेळ वजा होतो. जागा सोडून जाता आलं, तेवढा वेळ कोणी बदली उभं राहिलं, तर ती विश्रांती. एका हातात डबा आणि दुसऱ्या हातानं बूम बॅरिअर उघडणं ही ड्यूटीच.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. तरीही डायरी हवीच, कारण किती तास मागायचे हे गार्डलाच सांगावं लागतं. मागणी लेखी द्यावी, प्रत स्वतःकडे ठेवावी, रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून ठेवावेत आणि उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्त कार्यालय गाठावं. नोकरी जायची भीती खरी असते. त्यामुळे चार-पाच गार्डांनी मिळून अर्ज केला तर एकट्यावर रोख राहत नाही.

सोसायटीच्या कमिटीतल्या मंडळींना एक विनंती. एजन्सीचं बिल बारा-बारा तासांच्या ड्यूट्यांचं येतं आणि ते तुम्ही दरमहा मंजूर करता. पुढच्या वेळी सही करण्याआधी बिलासोबत मस्टर आणि पगारपत्रक मागून घ्या, आणि गेटवरचं चार्ज रजिस्टर स्वतः उघडून तारखा मिळवा.