पाच गोळ्या आणि सहा वर्षांची दाढ

पाच रुपयांच्या पाच गोळ्या दोघांनी आणल्या. राजूनं पाचही गोळ्या जेवण झाल्या झाल्या खाऊन टाकल्या. मीनानं त्या पुरवून पुरवून, दर तासाला एक अशा दिवसभर खाल्ल्या. दात कुणाचे लवकर किडतील?

शाळेतल्या दंतशिबिरात मी बोलायला उभी राहते तेव्हा हा प्रश्न आधी विचारते. बहुतेक हात राजूच्या नावावर वर जातात. हावरटपणाची शिक्षा मिळणारच, असं मुलांना वाटतं आणि मागं उभ्या असलेल्या बाईंनाही तसंच वाटत असतं. खरं उत्तर मीना आहे. हे उत्तर का बरोबर आहे ते मुलांना नीट उमगलं, की शिबिरातलं निम्मं काम झालं. ‘गोड खाऊ नका’ हे त्यांनी हजारदा ऐकलेलं असतं आणि ते पाळणं त्यांच्या हातातही नसतं. गोड कधी खायचं हे मात्र पुष्कळदा त्यांच्या हातात असतं.

आपल्या दातांवर सतत एक मऊ, चिकट, पांढुरका थर जमत असतो. सकाळी उठल्यावर नखानं हिरडीजवळ खरवडलं तर तो नखावर येतो. शिबिरात मी मुलांना हे करून बघायला लावते, कारण स्वतःच्या नखावर तो पाहिला की पुढचं सांगणं सोपं जातं. हा थर जिवंत आहे. त्यातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या वरच्या कठीण आवरणातलं, म्हणजे एनॅमलमधलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळवू लागतं. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकानं १९४० च्या दशकात या थराची आम्लता प्रत्यक्ष मोजली. साखरेच्या पाण्यानं चूळ भरल्यावर काही मिनिटांतच पीएच झपाट्यानं खाली येतो, असं त्याला दिसलं. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल झिजायला लागतं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल पातळ करते, त्याचा जोर मोडते आणि गेलेलं कॅल्शियम हळूहळू परत दातात भरते. पण याला अर्धा तास ते तासभर लागतो.

आता मीनाकडं परत येऊ. एका गोळीमागं दात चाळीस मिनिटं आम्लात राहतात असं धरलं, तर राजूचे दात त्या दिवशी गोळ्यांमुळं चाळीस मिनिटांहून थोडा अधिक काळ आम्लात होते. मीनाचे दोनशे मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. गोळ्या तेवढ्याच आणि साखरही तेवढीच. मीनाच्या दातांना सावरायला मात्र सवड मिळाली नाही. त्यातून राजूनं नुकतंच जेवण चावून खाल्लं होतं. चावताना लाळ भरपूर सुटते, त्यामुळं त्याच्या तोंडात आम्लाशी लढायची तयारी आधीच होती.

हे सिद्ध कसं झालं ती गोष्ट मी मोठ्या वर्गांना सांगते, कारण त्यांना ती कळायला हवी. स्वीडनमधल्या लुंड शहरात विपेहोल्म नावाची मतिमंद रुग्णांची मोठी संस्था होती. १९४५ नंतर काही वर्षं तिथल्या रुग्णांच्या वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या पद्धतीनं साखर दिली गेली. कुणाला जेवणासोबत, तर कुणाला दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफीच्या रूपात. जेवणासोबत भरपूर साखर खाणाऱ्यांच्या दातांत फारशी वाढीव कीड झाली नाही. मधल्या वेळी टॉफी खाणाऱ्यांचे दात मात्र धडाधड किडले, आणि टॉफी बंद झाल्यावर किडण्याचा वेग पुन्हा उतरला. हे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना ‘नाही’ म्हणता येत नव्हतं अशा माणसांचे दात जाणूनबुजून किडवले गेले, हा मोठा अन्याय होता, आणि त्यांच्या वेदनेवर आपलं हे ज्ञान उभं आहे. स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेट फक्त शनिवारी देण्याची जी पद्धत पडली, तिचं मूळ याच प्रयोगात आहे.

आपल्याकडच्या तिसरीतल्या एखाद्या मुलीचा दिवस फळ्यावर मांडून पाहा. सकाळी ७ ला चहा-बिस्किट. ९ ला भाजी-पोळी. १० ला शाळेच्या वाटेवर टपरीवरची एक गोळी. १ वाजता शाळेतली खिचडी. पावणेतीनच्या छोट्या सुट्टीत क्रीमचं बिस्किट. ५ ला घरी आल्यावर पुन्हा गोड चहा. साडेसहाला दुकानात पाठवलं म्हणून उरलेल्या पैशांचं चॉकलेट. ८ ला जेवण आणि झोपताना साखर घातलेलं दूध. जेवणं सोडून सहा वेळा गोड झालं. घरी विचारलं तर आई म्हणेल, ‘आमची पोरगी गोड फारसं खात नाही हो,’ आणि ती खोटं बोलत नसते. बिस्किट, चहा, दूध हे गोडात मोजायची आपल्याला सवयच नाही. गुळाची चिक्की तर पौष्टिक म्हणून दिली जाते. शरीराला तिच्यातल्या शेंगदाण्याचा उपयोग होईलही, पण दातांवरच्या जिवाणूंना गूळ आणि साखर सारखीच, आणि चिक्की दाताला चिकटून बसते ते वेगळंच.

मग मी मुलांनाच फळ्यावर दिवस बदलायला सांगते. टपरीवरची गोळी खिशात ठेवून खिचडीनंतर खायची. छोट्या सुट्टीत फुटाणे, शेंगदाणे किंवा पेरू. चॉकलेट रात्रीच्या जेवणाबरोबर. दूध बिनसाखरेचं, नाहीतर जेवतानाच. गोळीही मिळाली, चॉकलेटही मिळालं, पण मधल्या वेळचं गोड सहावरून दोनवर आलं.

कीड सगळ्यात आधी कुठं लागते? यासाठी मुलांना जिभेचं टोक खालच्या दातांच्या अगदी मागं न्यायला सांगायचं. पहिली-दुसरीच्या मुलांना तिथं एक मोठी, खडबडीत दाढ लागते. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येते आणि तिच्यासाठी दुधाचा एकही दात पडत नाही. ती गुपचूप सगळ्यांच्या मागून उगवते. त्यामुळं घरच्यांना वाटतं, ही दुधाचीच आहे, पडेल आणि दुसरी येईल. दुसरी कधीच येत नाही. ती कायमची दाढ आहे. तिच्या माथ्यावर इतक्या बारीक आणि खोल चिरा असतात की ब्रशचा केसही त्यांच्या तळाशी पोचत नाही. बिस्किटाचा लगदा तिथं जाऊन बसतो. शिवाय उगवताना ती काही महिने शेजारच्या दातांपेक्षा खाली असते, त्यामुळं आडवा फिरवलेला ब्रश तिच्या डोक्यावरून तसाच निघून जातो. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या तोंडात पाहिलं तर पोखरलेली दाढ बहुतेक वेळा हीच असते.

म्हणून ब्रश कसा करायचा हे शिकवताना मी सुरुवात मागून करते. आधी मुलांना थर रंगवणारी गोळी चघळायला देते. खाण्याच्या गुलाबी रंगाची ही गोळी अर्धा मिनिट तोंडात फिरवून थुंकली की जिथं थर आहे तिथं दात गुलाबी दिसतात. एकमेकांचे दात पाहून हशा पिकतो. मग मुलं नेहमीसारखा ब्रश करतात आणि पुन्हा आरशात बघतात. समोरचे दात स्वच्छ, पण हिरडीलगतची रेघ आणि खालच्या दाढांची जिभेकडची बाजू अजून गुलाबीच. पुढं माझ्या बोलण्यापेक्षा आरसाच जास्त शिकवतो.

लहान मुलांना जमते ती गोल फिरवायची पद्धत. दात मिटायचे, ब्रश गालाच्या आत दाढेजवळ टेकवायचा आणि वरची हिरडी ते खालची हिरडी असे गोल काढत पुढं यायचं. मग तोंड उघडून आतल्या बाजू. शेवटी दाढांचा माथा पुढं-मागं घासायचा, आणि सहा वर्षांच्या त्या दाढेसाठी ब्रश तोंडाच्या कोपऱ्यातून आडवा आत घालून तेवढ्या एका दाढेवर फिरवायचा. ही शेवटची कृती मी प्रत्येकाकडून करून घेते. एकूण दोन मिनिटं लागतात. जोर लावायचा नाही. ब्रशचे केस महिनाभरातच फाकले असतील तर मूल दात रगडतंय असं समजावं.

पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर लाट नको. ती फ्लोराइडची असावी, पाकिटावर १००० पीपीएमच्या आसपास आकडा असतो. फ्लोराइड दाताला गेलेलं कॅल्शियम परत घ्यायला मदत करतं, म्हणून नंतर फेस थुंकायचा आणि खळखळून चुळा भरायच्या नाहीत. आपल्याकडं ही सवय मोडायला सगळ्यात जड जाते. ज्या घरात आजी मिश्री लावते तिथल्या मुलांना मी वेगळं बोलावून सांगते की मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, तिला बोटही लावायचं नाही.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या मनगटाला हे वळण नीट येत नाही. तोवर रात्रीचा ब्रश आईनं किंवा बाबांनी करून द्यायला हवा. रात्रीचाच, कारण झोपेत लाळ जवळपास आटते आणि दात एकटे पडतात. त्या ब्रशनंतर फक्त पाणी.

ब्रशनं काय होत नाही हेही पालकांना सांगावं लागतं. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग दिसला तर कीड नुकतीच सुरू झालेली असते. खाण्याच्या वेळा आणि ब्रश सुधारला तर ती तिथंच थांबू शकते. खड्डा पडला की तो घासून भरत नाही, दवाखान्यातच जावं लागतं. सहा वर्षांची दाढ धड असताना नेली, तर तिच्या चिरांवर पातळ लेप लावून त्या बंद करता येतात. त्याला ना सुई लागते, ना यंत्र. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसतात. ते बहुधा बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडचे असतात, ब्रशचा आळस केल्याचे नसतात. तिथल्या मुलांना रागावू नये, आणि पेस्टबद्दल दंतवैद्याला विचारूनच ठरवावं.

जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडं मी एकच मागणी करते. वाढदिवसाच्या गोळ्या प्रार्थनेनंतर वाटतात, त्या खिचडीनंतर वाटाव्यात. चाळीसच्या वर्गात वर्षभरात असे वीसेक वाढदिवस तरी शाळेच्या दिवशी येतात. वाटणाऱ्या मुलाला नवीन कपडे घालून वर्गभर फिरायला तेव्हाही तेवढंच आवडतं.