मिथ्या-स्थान पद्धतीचे अडकलेले टोक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

समीकरणाचे मूळ, म्हणजे ज्या x साठी f(x) ची किंमत शून्य होते ती संख्या, शोधण्याच्या ज्या पद्धती संख्यात्मक गणिताच्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच शिकवल्या जातात, त्यांत मिथ्या-स्थान पद्धत किंवा रेग्युला फाल्सी ही एक होय. ज्याच्या दोन टोकांना फलाच्या किमतींची चिन्हे परस्परविरुद्ध आहेत असे अंतराल [a, b] घ्यायचे, आलेखावरील त्या दोन बिंदूंना जोडणारी जीवा काढायची आणि ती x-अक्षाला जिथे छेदते तो बिंदू c नवा अंदाज मानायचा, अशी तिची रीत आहे.

```
c = a - f(a)*(b - a)/(f(b) - f(a))
```

त्यानंतर f(c) चे चिन्ह ज्या टोकाच्या चिन्हाशी जुळते त्या टोकाच्या जागी c येतो, त्यामुळे मूळ नेहमी अंतरालातच राहते. ही रीत सोपी असली, तरी तिच्या वेगाविषयी काही समजुती रूढ आहेत आणि त्या f(x) = x^3 - 2 या एकाच उदाहरणावर तपासून पाहता येतात. या फलाचे मूळ २ चे घनमूळ, म्हणजे सुमारे १.२५९९२१ आहे.

गैरसमज १ : दोन्ही टोके मुळाकडे सरकतात आणि अंतराल आक्रसत जाते.

वस्तुस्थिती : [१, ४] हे अंतराल घेतल्यास f(1) = -1 आणि f(4) = 62 मिळते. पहिल्या पाच पायऱ्यांत c च्या किमती अनुक्रमे १.०४७६, १.०८७६, १.१२०७, १.१४८० आणि १.१७०२ अशा येतात. त्या सर्व मुळाच्या डावीकडे आहेत, म्हणून प्रत्येक वेळी डावे टोकच बदलते आणि उजवे टोक ४ वरून हलत नाही.

याचे कारण वक्राच्या आकारात आहे. या अंतरालात फल वाढते आहे आणि त्याचा चढही सतत वाढतो आहे, कारण त्याचे द्वितीय विकलज 6x इथे सर्वत्र धन आहे. अशा वक्रावरील कोणत्याही दोन बिंदूंना जोडणारी जीवा त्यांच्या दरम्यान वक्राच्या वरच राहते, त्यामुळे ती वक्राच्या आधीच x-अक्ष ओलांडते आणि c मुळाच्या डावीकडे पडतो. c नव्याने डावे टोक झाल्यावरही वक्राचा आकार तोच असल्याने पुढच्या जीवेच्या बाबतीत हेच घडते. अंतरालाची रुंदी म्हणून शून्याकडे जातच नाही, ती सुमारे २.७४ वर स्थिरावते. ज्या अंतरालात द्वितीय विकलज आपले चिन्ह बदलत नाही, तिथे एक टोक असे कायमचे अडकते. गणनेत हे ओळखण्याची खूण एवढीच, की f(c) चे चिन्ह पायरीमागून पायरी तेच येत राहते.

गैरसमज २ : ही पद्धत फलाच्या किमती वापरते, म्हणून ती द्विभाजनापेक्षा नेहमीच वेगवान असते.

वस्तुस्थिती : द्विभाजन पद्धत अंतरालाचा फक्त मध्यबिंदू घेते आणि दर पायरीला रुंदी निम्मी करते. मिथ्या-स्थान पद्धतीत उजवे टोक b अडकले असेल आणि मूळ r असेल, तर अंदाजातील चूक प्रत्येक पायरीला सुमारे पुढील पटीने कमी होते.

```
K = 1 - f'(r)*(b - r)/f(b)
```

[१, ४] साठी ही पट ०.७९ आहे, म्हणजे प्रत्येक पायरीनंतर जवळजवळ चार-पंचमांश चूक शिल्लक राहते. चूक एक दशलक्षांशाखाली आणायला पन्नासहून अधिक पायऱ्या लागतात, तर द्विभाजनात त्याच अंतरालाची रुंदी २२ दुभागांत तेवढी लहान होते. तेच समीकरण [१, २] वर सोडवले, तर K सुमारे ०.४१ होते आणि तिथे मिथ्या-स्थान पद्धत द्विभाजनाच्या पुढे जाते. त्यामुळे ती नेहमी वेगवान असते हे जसे खरे नाही, तसे ती नेहमी मंद असते हेही खरे नाही. अडकलेल्या टोकापाशी फलाची किंमत किती मोठी आहे आणि त्यामुळे जीवा मुळाजवळच्या वक्राच्या मानाने किती उभी आहे, यावर तिचा वेग ठरतो.

गैरसमज ३ : लागोपाठच्या दोन अंदाजांतील फरक लहान झाला, की उत्तर तेवढेच जवळ आलेले असते.

वस्तुस्थिती : वरील उदाहरणात चौथ्या आणि पाचव्या अंदाजांतील फरक ०.०२२ आहे, पण पाचव्या अंदाजातील खरी चूक ०.०९०, म्हणजे त्याच्या चौपट आहे. अभिसरण, म्हणजे अंदाजांचे मुळाकडे सरकणे, मंद असले की पावले लहान पडतात, आणि केवळ पावलांवरून थांबायचे ठरवल्यास गणना मुळापासून दूरच थांबते. K जितका १ च्या जवळ, तितकी ही फसगत मोठी.

गैरसमज ४ : फलाची किंमत मुद्दाम बदलणारी सुधारणा मूळ शोधण्याची हमी घालवते.

वस्तुस्थिती : इलिनॉय पद्धत या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारित रीतीत एकच नियम वाढवलेला आहे : लागोपाठ दोनदा तेच टोक जागेवर राहिले, तर पुढची जीवा काढताना त्या टोकाची फल-किंमत निम्मी धरायची. निम्मी केल्याने किमतीचे चिन्ह बदलत नाही, त्यामुळे c अंतरालातच पडतो, आणि f(c) स्वतः नेहमी खऱ्या फलावरून काढले जात असल्याने मूळही अंतरालातच राहते. जीवेचे अडकलेले टोक मात्र अक्षाकडे खाली येते, जीवा कमी उभी होते आणि छेदबिंदू उजवीकडे सरकतो.

[१, ४] वर पहिल्या दोन पायऱ्या आधीसारख्याच येतात. त्यानंतर ६२ च्या जागी ३१ धरल्यावर १.१५३१, १५.५ धरल्यावर १.२३६३ आणि ७.७५ धरल्यावर १.२७५१ हे अंदाज मिळतात. यांतील शेवटचा मुळाच्या उजवीकडे आहे, त्यामुळे पाचव्या पायरीलाच ४ हे टोक सुटते आणि अंतरालाची रुंदी ०.०४ च्या आत येते. सहावा अंदाज १.२५९६ आणि सातवा १.२५९९२ येतो, आणि नवव्या पायरीला दशांशचिन्हानंतरचे दहा अंक बरोबर मिळतात. मुळाच्या अगदी जवळ दोन साध्या पायऱ्या आणि एक निमकरणाची पायरी असे तीन पायऱ्यांचे आवर्तन चालते, आणि अशा एका आवर्तनात चूक साधारणपणे आधीच्या चुकीच्या घनाच्या प्रमाणात उरते. म्हणून दर पायरीचा अभिसरणाचा क्रम ३ चे घनमूळ, म्हणजे सुमारे १.४४ मानला जातो. डॉवेल आणि जॅरॅट यांनी १९७१ मध्ये या पद्धतीचे विश्लेषण प्रसिद्ध केले.

हा क्रम साध्या मुळालाच, म्हणजे जिथे f'(r) शून्य नाही तिथेच लागू पडतो. (x - 1)^3 सारख्या फलाचा आलेख मुळाशी सपाट होत असल्याने तिथे सुधारित पद्धतीचा हा वेग टिकत नाही, आणि (x - 1)^2 सारख्या फलाच्या किमती मुळाच्या दोन्ही बाजूंना धनच असल्याने चिन्हबदलावर उभी असलेली कोणतीही पद्धत तिथे सुरूच होऊ शकत नाही.