भगव्या पट्टीवरची अक्षरे

भगव्यावर पांढरी अक्षरे ही जोडी आपल्या डोळ्यांना इतकी सवयीची झाली आहे की तिच्यात काही खटकते असे कुणाला वाटतच नाही. चौकातल्या फ्लेक्सवर ती चालूनही जाते, कारण तिथे एकेक अक्षर हातभर मोठे असते. तीच जोडी मोबाइलच्या पडद्यावर येते, अक्षर नखाएवढे होते, आणि बसस्टॉपवर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला बटणावर काय लिहिले आहे ते दिसेनासे होते. तो फोन डोळ्यांजवळ नेतो, हाताने सावली करतो आणि शेवटी शेजारच्याला विचारतो. दोष त्याच्या चष्म्याचा नसतो. दोष त्या दोन रंगांचा असतो, आणि तो आकड्यात मोजता येतो.

संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम ही संस्था मार्गदर्शक तत्त्वे काढते. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती WCAG या नावाने ओळखली जातात. त्यांची दुसरी आवृत्ती २००८ साली आली. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या कॉन्ट्रास्टची किमान मर्यादा त्यात ठरवून दिली आहे आणि २०२३ च्या २.२ आवृत्तीतही ती तशीच आहे: साध्या मजकुरासाठी ४.५ ला १, मोठ्या अक्षरांसाठी ३ ला १. भारतातल्या सरकारी संकेतस्थळांसाठीची नियमावलीही याच तत्त्वांवर बेतलेली आहे.

४.५ हा आकडा आला कुठून? चांगली नजर असलेल्या माणसाला वाचायला ३ ला १ पुरते, असे आधीची मानके सांगत होती. पण दृष्टी ६/१२ पर्यंत उतरली की रंगांमधला फरक ओळखण्याची ताकदही घटते. ती तूट भरून काढायला तीनची दीडपट धरली, म्हणून साडेचार. साधारण ऐंशीच्या घरातल्या माणसाची नजर अशी असते, असे ही तत्त्वेच सांगतात. म्हणजे हा आकडा आपल्या घरातल्या आजी-आजोबांसाठी बांधलेला आहे.

आता प्रत्यक्ष मोजून पाहू. प्रत्येक रंगाचे एक तेज असते, म्हणजे पडद्यावरून त्या रंगाचा किती उजेड डोळ्यांना जाणवतो त्याचे माप. काळ्याचे शून्य, पांढऱ्याचे एक. बाकीचे सगळे रंग या दोहोंच्या मध्ये. उजळ रंगाचे तेज L1 आणि गडद रंगाचे L2 मानले, तर गुणोत्तर असे निघते:

```
(L1 + 0.05) / (L2 + 0.05)
```

काळ्यावर पांढरे धरले तर उत्तर २१ येते. त्याहून जास्त कॉन्ट्रास्ट असूच शकत नाही. दोन्ही रंग एकच असतील तर उत्तर १.

सगळी मेख तेज काढण्यात आहे. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन दिव्यांतून बनतो; पण डोळ्यांना तिघांचा उजेड सारखा जाणवत नाही. हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के धरतात. म्हणून निखळ निळ्यावर पांढरी अक्षरे ८.५९ इतक्या ऐटीत उभी राहतात, तर निखळ हिरव्यावर त्यांचे गुणोत्तर १.३७ वर कोसळते. रंग किती भडक आहे आणि त्याचे तेज किती आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली फसगत होते ती नेमकी इथेच.

पडद्यावर भगवा म्हणून सर्रास वापरला जाणारा रंग घेऊ: #FF9933. यात लाल पूर्ण आहे आणि हिरवाही बऱ्यापैकी मिसळलेला आहे. डोळ्यांना हा रंग जोरकस वाटतो, म्हणून तो गडद असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्याचे तेज ०.४४ भरते. त्यावर पांढरी अक्षरे ठेवली तर गुणोत्तर येते २.१३. साडेचार सोडाच, मोठ्या अक्षरांसाठीचे तीनसुद्धा गाठले जात नाही.

मग कुणीतरी सुचवते की अक्षरे लाल करू, उठून दिसतील. निखळ लाल, #FF0000, भगव्यावर ठेवला की गुणोत्तर होते १.८८, म्हणजे पांढऱ्याहूनही वाईट. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट कळत नाही त्यांचे तर आणखी हाल होतात. काळी अक्षरे मात्र ९.८६ मिळवतात. आकड्याने बघितले तर प्रश्न तिथेच मिटतो.

पण पानाची शोभाही बघावी लागते आणि कुट्ट काळा रंग सगळ्यांना रुचत नाही. अशा वेळी माझी पसंती गडद किरमिजीला. #800000 भगव्यावर ५.१४ देतो, आणखी गडद #660000 देतो ६.३. दोन्ही नियमात बसतात, आणि दोन्ही रंग भगव्याच्याच घराण्यातले असल्यामुळे पान विजोड दिसत नाही. अक्षरे पांढरीच हवीत असा आग्रह असेल, तर पार्श्वभूमी उतरवावी लागते. #B84A00 या विटकरी छटेवर पांढऱ्याला ५.२३ मिळतात. तो रंग भगवा उरत नाही हे खरे. तेवढी किंमत मोजायची की नाही, हे ज्याने-त्याने ठरवावे.

या दोन टोकांमध्ये एक जागा आहे आणि तिथे अक्षराची जाडी कामाला येते. #E06500 या गडद नारिंगीवर पांढऱ्याचे गुणोत्तर ३.४८ आहे. साध्या मजकुराला ते कमी पडते, पण मोठ्या अक्षरांना चालते. मोठे म्हणजे किती, तेही नियमाने सांगितले आहे: साधे अक्षर २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठे, अथवा बोल्ड अक्षर सुमारे १८.७ पिक्सेल किंवा त्याहून मोठे. समजा, पाणीपट्टी भरण्याच्या पानावर एक बटण आहे. त्यावर ‘बिल भरा’ हे २० पिक्सेलच्या बोल्ड अक्षरात लिहिले तर ते उत्तीर्ण होते. त्याच बटणावर खाली १४ पिक्सेलमध्ये ‘शेवटची तारीख ३१ मार्च’ अशी ओळ टाकली की ती ओळ नापास होते. रंग तेच, बटण तेच.

जाडीचे महत्त्व इथेच संपत नाही. सूत्र फक्त दोन रंग मोजते. अक्षराची रेघ किती बारीक आहे याची त्याला खबर नसते. पडदा पिक्सेलच्या चौकटींचा बनलेला असतो. फाँटचे वजन ३०० असेल, आकार लहान असेल आणि फोन साधा असेल, तर अक्षराची रेघ जेमतेम एका पिक्सेलएवढी भरते. ती दोन चौकटींच्या मधोमध पडली, तर ब्राउझर दोन्ही चौकटी अर्ध्या अर्ध्या रंगवतो. म्हणजे किरमिजी आणि भगवा यांची सरमिसळ होते, ढोबळमानाने #C04D1A सारखा रंग तयार होतो, आणि भगव्याशी त्याचे गुणोत्तर निघते २.२८. कागदावर ५.१४ असलेली जोडी डोळ्यांपर्यंत पोचेतो निम्म्याहून खाली आलेली असते. मोजणारे साधन तरीही हिरवी खूण दाखवत राहते.

देवनागरीत हा फटका जास्त बसतो. वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार यांना जागा द्यायची असल्यामुळे अक्षराचे मूळ अंग त्याच आकाराच्या रोमन मोठ्या अक्षरापेक्षा बहुधा लहान ठेवावे लागते. सगळ्यात आधी अंतर्धान पावतो तो अनुस्वार. ‘भाडे’ आणि ‘भांडे’ यांच्यात फरक एका ठिपक्याचा, आणि तो ठिपका पिक्सेल-दोन पिक्सेलचा. नियमावलीत मोठ्या अक्षरांच्या व्याख्येत चिनी, जपानी आणि कोरियन लिप्यांचा वेगळा उल्लेख आहे, देवनागरीचा नाही. त्यामुळे रोमनसाठी ठरलेली मापे आपल्याकडे काठावर धरू नयेत, असे माझे ठाम मत आहे. मराठी मजकुराला साडेचारऐवजी सहाच्या आसपास गुणोत्तर ठेवावे आणि रंगीत पट्टीवर ४०० च्या खालचे वजन वापरूच नये.

याची दुसरी बाजूही सांभाळावी लागते. बोल्ड म्हणजे नुसते जाड करणे नव्हे. फाँटमध्ये बोल्डचा स्वतंत्र साचा नसेल, तर ब्राउझर साधेच अक्षर फुगवून जाड करतो. मग ‘ध’ आणि ‘क्ष’ यांच्या पोटातली मोकळी जागा भरून जाते आणि लहान आकारात नुसता डाग दिसतो. मुंबईच्या एक टाइपने काढलेल्या ‘मुक्ता’मध्ये २०० ते ८०० अशी सात वजने आहेत, नोटो सान्स देवनागरीतही वजनांची पूर्ण श्रेणी आहे. असा फाँट घेतला की ६०० वजनाचे अक्षर खरोखर त्या वजनासाठी रेखलेले मिळते. आपल्या बटणासाठी मी असे लिहीन:

```css
.bill-bhara {
  background: #FF9933;
  color: #660000;
  font-family: "Mukta", sans-serif;
  font-weight: 600;
  font-size: 18px;
}
```

सूत्रालाही मर्यादा आहेत. मध्यम नारिंगीवर काळे चांगले की पांढरे, हा वाद रंगयोजना करणाऱ्यांत जुना आहे. #E06500 वर सूत्र काळ्याला ६ देते आणि पांढऱ्याला ३.४८, तरी अनेकांना पांढरी अक्षरेच वाचायला सोपी वाटतात. अँड्र्यू सोमर्स यांनी मांडलेल्या APCA या पद्धतीत अक्षराची जाडी-आकार आणि उजळावर गडद की गडदावर उजळ, हेही विचारात घेतले जाते. तिसऱ्या आवृत्तीच्या मसुद्यात ती काही काळ होती, नंतर काढली गेली. आज नियम म्हणून जुनेच सूत्र चालते. म्हणून अशा वादग्रस्त छटांच्या वाटेला न जाणे बरे: पार्श्वभूमी एक तर स्पष्ट उजळ ठेवावी, नाही तर स्पष्ट गडद.

तपासणी अवघड नाही. क्रोम ब्राउझरमध्ये अक्षरावर राइट क्लिक करून Inspect निवडा आणि color च्या शेजारच्या रंगीत चौकोनावर क्लिक करा. Contrast ratio तिथेच लिहून येतो. मात्र आकडा पूर्ण हवा: ४.४८ म्हणजे साडेचार नव्हे, वर ढकलायची मुभा नाही. पट्टी भगव्याकडून पिवळ्याकडे उतरत जाणारी असेल आणि अक्षरे गडद असतील, तर जिथे पट्टी सर्वांत गडद आहे तिथे मोजा. अक्षरे पांढरी असतील तर जिथे ती सर्वांत उजळ आहे तिथे. बटणावर बोट ठेवल्यावर किंवा माउस नेल्यावर रंग बदलत असेल, तर तो बदललेला रंगही मोजावा लागतो, आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो.

संस्थेचे, दुकानाचे किंवा वाचनालयाचे संकेतस्थळ कुणाकडून करून घेत असाल, तर शेवटचा हप्ता देण्याआधी दोन गोष्टी लेखी मागा: प्रत्येक रंगीत पट्टीचे कॉन्ट्रास्ट गुणोत्तर आणि तिच्यावरच्या फाँटचे वजन. मग ते पान एखाद्या साध्या फोनवर उघडा, भर दुपारी अंगणात जा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ते वाचायला सांगा.