ढकललेलं नको, लिहिलेलं चालेल

शाळेच्या बॅचचे व्हॉट्सअॅप ग्रुप बहुतेक एकाच वाटेनं जातात. सुरुवातीला जुने फोटो येतात, कोण कुठे असतं याची चौकशी होते, मराठीच्या बाईंचा नंबर कुणीतरी शोधून काढतं. मग एखादं स्नेहसंमेलन होतं, वर्गणीचा हिशेब टाकला जातो आणि ग्रुप शांत होतो. या शांततेतच एक जण सकाळ-संध्याकाळ फॉरवर्ड टाकायला लागतो. आधी सुविचार, मग देवांची चित्रं, मग इतिहासाच्या नावाखाली कुठल्या तरी समाजाविषयी काहीबाही, आणि निवडणूक जवळ आली की एका पक्षाची आरती आणि दुसऱ्याची हजामत.

हा एक जण बहुधा वाईट माणूस नसतो, आणि त्यामुळेच त्याला सांगणं जड जातं. वर्गातल्या कुणाच्या वडिलांना दवाखान्यात न्यायचं असेल तर पहिली गाडी त्याचीच येते. बोलायच्या सोयीसाठी त्याला बापू म्हणू. तालुक्याच्या गावातली शाळा, साठेक जणांचा ग्रुप, बापू बँकेतून निवृत्त.

बापूला सांगण्याचा सगळ्यात वापरला जाणारा आणि हमखास फसणारा मार्ग म्हणजे ग्रुपवरच सांगणं. ‘कृपया राजकीय व धार्मिक पोस्ट टाकू नयेत’ असं कुणीतरी लिहितं. नाव घेतलेलं नसतं, पण रोख कुणावर आहे हे साठही जणांना कळतं. त्या ओळीखाली अंगठे उमटू लागतात. अंगठा देणाऱ्याला वाटतं, आपण फक्त सहमती दाखवली. बापूच्या मोबाइलवर मात्र कोणकोण आपल्या विरोधात आहे याची यादीच तयार होत असते. मग ठरलेली उत्तरं येतात. ‘ज्याला नको त्यानं वाचू नये.’ ‘मी फक्त आलं तसं पुढे पाठवलं.’ ‘सत्य सांगणं गुन्हा आहे का?’ चौघे जण तिसऱ्याच मुद्द्यावर भांडतात आणि रात्री कुणीतरी ग्रुप सोडतं. कधी बापू सोडतो, कधी दुसराच कुणीतरी.

म्हणून बोलायचं ते एकट्याशी, आणि शक्यतो फोन करून. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो. ‘अरे, जरा कमी कर की’ हे फोनवर मैत्रीचं वाटतं, तेच स्क्रीनवर खडसावल्यासारखं दिसतं. फोन जमणारच नसेल तर त्याच्या एखाद्या विशिष्ट फॉरवर्डवर बोट दाबून ठेवावं आणि खासगीत उत्तर देण्याचा पर्याय निवडावा. तो संदेश जोडूनच आपलं उत्तर फक्त त्याच्याकडे जातं. ‘तू नेहमीच असलं काहीतरी टाकतोस’ असं म्हटलं की वाद सुरू होतो. ‘हा कालचा व्हिडिओ’ म्हटलं की बोलणं त्या एका व्हिडिओपुरतं राहतं.

कोणी बोलायचं, हेही महत्त्वाचं आहे, आणि इथे बहुतेकांची गफलत होते. ज्याला फॉरवर्डचा सगळ्यात जास्त त्रास होतो तोच पुढे होतो, आणि तो बहुधा विरुद्ध मताचा असतो. बापूला मग ते राजकारणच वाटतं. त्यापेक्षा जो बापूच्याच पक्षाला मत देतो, त्याच्याच बरोबर एकादशीला देवळात जातो, अशा मित्रानं फोन करावा. त्याच्या तोंडून ‘आपलं पटतं रे, पण शाळेच्या ग्रुपवर नको’ हे वाक्य आलं की बापूला बचाव करायला काही उरत नाही. असा मित्र प्रत्येक बॅचमध्ये असतो. तो आजवर गप्प बसलेला असतो, एवढंच.

बोलताना मागायचं काय, तेही आधी ठरलेलं असावं. ‘राजकीय आणि धार्मिक नको’ ही मागणी ऐकायला सरळ, पाळायला अशक्य. बापूनं घरच्या गणपतीचा फोटो टाकला तर तो धार्मिक का? वारीत चालणाऱ्या वर्गमैत्रिणीनं दिवेघाटातून पाठवलेला फोटो? तालुक्याच्या पाणीयोजनेबद्दल कुणी लिहिलं तर ते राजकारण झालं का? विषयावर रेघ मारली की ती कुठून जाते यावरच रोज पंचायत बसते. माझ्या मते रेघ विषयावर मारूच नये, ती फॉरवर्डवर मारावी. स्वतः काढलेला फोटो आणि स्वतः टाइप केलेलं मत चालेल. दुसरीकडून आलेलं ढकललेलं चालणार नाही, मग ते कुठल्याही बाजूचं असो. हा नियम बापूच्या विरोधकांनाही तितकाच लागू, हे फोनवर पहिल्या दोन मिनिटांतच सांगितलं पाहिजे. नाहीतर तो विचारणारच, ‘आणि त्यानं परवा टाकलेलं कार्टून?’

ढकललेलं ओळखायची सोय अॅपमध्येच आहे, आणि तिचा संबंध महाराष्ट्राशी आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते. देशात इतरत्रही व्हॉट्सअॅपवरच्या अशा अफवांनी माणसं मारली जात होती. त्याच महिन्यात कंपनीनं फॉरवर्ड केलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच किंवा अधिक हातांतून फिरून आलेल्या संदेशावर आता दुहेरी बाण दिसतो, आणि एप्रिल 2020 पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे बापू दुहेरी बाणाचा व्हिडिओ चार ग्रुपवर टाकतो तेव्हा तो चार वेळा वेगवेगळे कष्ट घेतो. या चिकाटीकडे दुर्लक्ष करू नये. माणूस उगाच एवढं करत नाही.

बाणाची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. मजकूर कॉपी करून चिकटवला किंवा स्क्रीनशॉट काढून पाठवला की खूण नाहीशी होते. नियम ठरल्यावर काही बापू हीच वाट धरतात. तरी ओळखू येतंच: ज्या मित्रानं आयुष्यात पूर्णविराम दिला नाही त्याच्या नावावर अचानक ठळक अक्षरांत, हात जोडलेल्या चित्रांसह, ‘शेवटपर्यंत वाचा’ असा मजकूर आला तर तो त्याचा नसतो.

बापू हे का करतो, याचा अंदाज न घेता फोन करू नये. तीस-पस्तीस वर्षं काउंटरपलीकडे माणसांची रांग असलेला माणूस निवृत्त झाला की कुणी त्याला काही विचारत नाही. फॉरवर्ड ही त्याची हजेरी आहे. ‘पूर्ण पाहिलास का तो व्हिडिओ?’ असं सहज विचारलं तर बऱ्याचदा उत्तर येतं, ‘सगळा नाही बघितला, पण चांगला होता.’ तेव्हा मजकूर खरा की खोटा यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. खोटं सिद्ध केलं तर उद्या दुसरं येईल. हजेरी लावायला दुसरं काही द्यावं लागतं: वाढदिवसांची यादी, निवृत्त शिक्षकांचे पत्ते, जुन्या वर्गफोटोतल्या नावांची जुळणी. बापू हिशेबाचा पक्का, तो हे चोख करतो.

फोनवरचं बोलणं साधारण असं व्हावं. ‘बापू, एक बोलायचं होतं, रागावू नकोस. कालचा तो व्हिडिओ मला पण आला होता दुसरीकडून. मत तुझं-माझं एकच आहे, त्याबद्दल म्हणत नाही. पण शाळेच्या ग्रुपवर फॉरवर्ड बंद करूया का? माझे, तुझे, सगळ्यांचेच. तुला लिहायचंय तर तुझ्या शब्दांत लिही, मी वाचेन.’ आणि मग गप्प बसावं. बापू दहा मिनिटं बोलेल. त्यातली आठ मिनिटं दुसऱ्या कुणाबद्दल असतील. ती ऐकून घ्यावीत.

एक गोष्ट मात्र बोलू नये. बॅचमध्ये एखादा मुसलमान मित्र असतो, एखादी ख्रिश्चन मैत्रीण असते, किंवा ज्याच्या जातीवर त्या इतिहासछाप मजकुराचा रोख आहे असा कुणीतरी. सगळ्यात जास्त तोच वाचतो आणि सगळ्यात कमी तोच बोलतो. ‘त्याला काय वाटत असेल’ असं बापूला सांगण्याचा मोह होतो, पण त्याचं नाव घेतलं की ओझं त्याच्याच खांद्यावर जातं. पुढच्या भेटीत बापू त्याला विचारतो, ‘काय रे, तुला राग आला होता म्हणे?’ आणि तो बिचारा हसून म्हणतो, छे छे. 2022 पासून ग्रुप गुपचूप सोडता येतो. सोडल्याचं फक्त अॅडमिनला कळतं. त्यामुळे भांडण दिसतं, निघून जाणं दिसत नाही. ग्रुपच्या माहितीत मागच्या साठ दिवसांत सोडून गेलेल्यांची यादी मिळते. अॅडमिननं ती अधूनमधून उघडून पाहिली तर बापूशी बोलायला उशीर झालाय का, ते समजेल.

अॅडमिनकडून होणारी चूक वेगळी. ‘पोलीस केस झाली तर मी अडकेन’ असा धाक तो घालतो. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्पष्ट केलं, की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू असल्याशिवाय, केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. बापूला हे माहीत असलं तर धाक हास्यास्पद ठरतो. अॅडमिनला कुणाचाही संदेश सर्वांसाठी पुसता येतो, पण तिथे अॅडमिननं पुसल्याची ओळ उरते; म्हणजे चारचौघांत अपमान झालाच. त्यापेक्षा ‘बापू, तेवढं काढून टाकतोस का?’ असं खासगीत विचारावं. स्वतःचा संदेश सर्वांसाठी पुसायला त्याला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो.

आणि तो पुन्हा टाकणारच. निकालाच्या दिवशी किंवा कुठे दंगल झाल्याची बातमी आली की हात शिवशिवतात. तेव्हा पुन्हा लांबलचक फोन नको, एक खासगी ओळ पुरते. राजकारणासाठी वेगळा ग्रुप काढण्याचा उपाय अर्धाच चालतो: तिथे लवकरच एकाच मताचे सात जण उरतात, पण बापूला ओतायला जागा मिळते, हेही थोडं नाही.

तो सरळ नाहीच म्हणाला, तर आपल्या हातात फार काही नसतं. त्याला ब्लॉक केलं तरी ग्रुपमधले त्याचे संदेश दिसतच राहतात. एकट्या बापूला गप्प करायची सोय अॅपमध्ये नाही. ग्रुप म्यूट करता येतो, पण मग बाईंच्या निधनाची बातमीही आपल्याला दुसऱ्या दिवशी कळते.

ऐकलं, तर वेगळीच अडचण उभी राहते. काही आठवड्यांनी बापू खरोखर स्वतः लिहितो. चार ओळी, शुद्धलेखनाच्या चुका, तालुक्याच्या रस्त्याबद्दल आणि आमदाराबद्दल. त्यावर तिघांना तिघांची मतं टाइप करावी लागतात आणि ग्रुप रात्री साडेअकरापर्यंत वाजत राहतो. मग ज्यांनी फॉरवर्ड बंद करा म्हणून सगळ्यात जास्त तगादा लावला होता, त्यांचेच अॅडमिनला फोन येतात, की हेही थांबव. अॅडमिननं सांगावं, नियमात बसतंय.