नेमसर्व्हर बदलले गेले, तर रजिस्ट्रारला काय लिहायचे?

तासगावच्या एका बेदाणा विक्रेत्याचे ऑनलाइन दुकान आहे, पत्ता example.com, असे समजू. एका सकाळी पत्ता टाकला तर भलतेच पान उघडते. वेबसाइट सांभाळणारा सांगतो की सर्व्हरवरच्या फायली जशाच्या तशा आहेत. मग बिघाड कुठे? डोमेनच्या नोंदीत दोन-चार नेमसर्व्हरची नावे असतात. या नावाची वेबसाइट कोणत्या यंत्रावर आहे आणि ईमेल कुठे पोचवायचे, हे तेच जगाला सांगतात. ती नावे बदलली की वेबसाइट आणि ईमेल दोन्ही एकदमच हातचे जातात.

चोरी झाली असे म्हणण्याआधी lookup.icann.org वर आपले डोमेन टाकून पाहावे. तिथे मुदत, शेवटच्या बदलाची वेळ आणि आताचे नेमसर्व्हर दिसतात. मुदत संपल्यावर अनेकदा रजिस्ट्रार स्वतःच नेमसर्व्हर बदलतो. तसे असेल तर नूतनीकरणाचे पैसे भरायचे, तक्रार करायची नाही. वेबसाइट करणाऱ्यानेच काही बदलले का, हेही विचारावे. दोन्ही शक्यता संपल्या की रजिस्ट्रारच्या मदत कक्षाला फोन करावा आणि लगेच लेखी कळवावे. रजिस्ट्रारच्या गैरवापर-तक्रारीच्या ईमेलवरही प्रत पाठवावी; आयकानच्या करारानुसार .com सारख्या डोमेनच्या रजिस्ट्रारांना असा पत्ता जाहीर करावाच लागतो.

आपल्या विक्रेत्याचा संदेश असा असावा:

> विषय: तातडीचे – example.com चे नेमसर्व्हर परवानगीविना बदलले
>
> या डोमेनचा नोंदणीकृत मालक मी आहे. १२ मार्चला ०२:१४ यूटीसी (भारतीय वेळ सकाळी ७:४४) या वेळी नेमसर्व्हर बदललेले दिसतात. हा बदल मी किंवा माझ्या माणसांनी केलेला नाही.
> आधीचे: ns1.example.net, ns2.example.net
> आताचे: ns1.example.org, ns2.example.org
>
> विनंती: १) डोमेनमधील बदल आणि ट्रान्सफर आत्ताच रोखा. २) खात्यातील सर्व चालू लॉगिन बंद करा, संपर्क ईमेल बदलला असेल तर पूर्ववत करा. ३) त्यानंतर आधीचे नेमसर्व्हर लावा. ४) बदल कोणत्या आयपी पत्त्यावरून झाला, ती नोंद जपून ठेवा.
>
> ओळखपत्र, जीएसटी प्रमाणपत्र आणि नूतनीकरणाची पावती जोडली आहे. @example.com वर उत्तर पाठवू नका. ते माझ्या हातात नाही. सोबतच्या दुसऱ्या ईमेलवर किंवा फोनवर संपर्क करा.

विनंत्यांचा हा क्रम मोडू नये. चोर खात्यात बसलेला असताना नेमसर्व्हर पूर्ववत केले, तर तो पुन्हा बदलेल. डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे गेले तर ते परत आणणे आणखी लांबते, म्हणून ट्रान्सफर आधी रोखायचे.

शेवटचा परिच्छेद अनेकांच्या लक्षात येत नाही. ज्याच्या हाती नेमसर्व्हर, त्याच्या हाती ईमेल. रजिस्ट्रारने @example.com वर पाठवलेले उत्तर आणि पासवर्ड बदलण्याची लिंक थेट चोराला मिळेल. शिवाय नेमका असाच संदेश चोरही लिहू शकतो, हे रजिस्ट्रारला ठाऊक असते. त्यामुळे तो पुरावा मागतो आणि नोंदणीतले नाव कागदपत्रांवरच्या नावाशी ताडून पाहतो. नोंदणी वेबसाइट करणाऱ्याच्या नावावर असेल, तर दुकानदाराचे म्हणणे खरे असूनही इथेच अडते.

दुरुस्ती झाली तरी सगळ्यांना जुने दुकान लगेच दिसत नाही. .com च्या नेमसर्व्हरची माहिती इतर यंत्रे ४८ तासांपर्यंत साठवून ठेवू शकतात. दरम्यान चोराने त्या नावाचे सुरक्षा प्रमाणपत्र काढले असेल, तर बनावट पानावरही ब्राउझर धोक्याचा इशारा देत नाही. crt.sh वर अशी प्रमाणपत्रे शोधून ती देणाऱ्या संस्थेकडून रद्द करून घ्यावीत. त्या डोमेनच्या ईमेलवर चालणाऱ्या बँक, पेमेंट आणि कुरिअर खात्यांचे पासवर्ड बदलावेत, ग्राहकांना कळवावे आणि १९३० वर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी.

ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या डोमेनची नोंद अशीच बदलली गेली. हल्लेखोर वृत्तपत्राच्या यंत्रणेत शिरले नव्हते. रजिस्ट्रारच्या एका वितरकाचे लॉगिन त्यांच्या हाती लागले होते. त्याच हल्ल्यात twitter.com मात्र वाचले, कारण त्यावर रजिस्ट्री लॉक होते. ते काढायला रजिस्ट्रारचे लॉगिन पुरत नाही. रजिस्ट्री स्वतंत्र पडताळणी करते. रजिस्ट्रारच्या पॅनेलमधले साधे लॉक खात्यात शिरलेल्याला काढता येते. रजिस्ट्री लॉकसाठी सहसा जादा पैसे पडतात आणि प्रत्येक रजिस्ट्रार ते देत नाही. पण नोंदणी स्वतःच्या नावावर करणे, रजिस्ट्रारच्या खात्याला वेगळ्या डोमेनचा ईमेल आणि दोन टप्प्यांचे लॉगिन लावणे, आणि आधीच्या नेमसर्व्हरची नावे कागदावर लिहून ठेवणे प्रत्येक दुकानदाराला जमते. वरचा संदेश लिहिताना हीच माहिती लागते.