पार्सलची वाट – भाग ११ : डबा घरातून कधी निघणार?

खोक्याच्या आकारमानावर लागणाऱ्या वजनाचं गणित या आठवड्यात मांडीन, असं म्हटलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर नेतो, कारण डोंबिवलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि त्यांचं काम दसऱ्याआधीच व्हायला हवं.

ताई घरून दिवाळीचा फराळ विकतात. मदतीला दोघी जणी. गेल्या वर्षी त्यांनी सगळ्या ग्राहकांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं, "सणासुदीच्या गर्दीमुळे कुरिअरला उशीर होण्याची शक्यता आहे. कृपया सहकार्य करावे." तरीही दिवाळीच्या आठवड्यात दिवसभर फोन वाजत राहिला. "मी आधी सांगितलं होतं ना? मग लोक का चिडले?" असं त्या विचारतात.

चिडले, कारण त्या दोन वाक्यांतून ग्राहकाच्या हाती काहीच लागलं नाही. उशीर म्हणजे एक दिवस की आठ दिवस? आज पैसे भरले तर डबा पहिल्या आंघोळीच्या सकाळी ताटात असेल का? नसेल तर तो आजच दुसरीकडे मागवेल. त्याला ठरवता येईल असं काहीतरी सूचनेत हवं.

ताईंनी पत्रासोबत वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत, आणि ती वही मला फार आवडली. प्रत्येक डब्यापुढे तीन तारखा आहेत: ऑर्डर आली ती, डबा कुरिअरच्या हाती दिला ती आणि ग्राहकाला मिळाला ती. नागपूरच्या एका डब्याची नोंद बघा. दसऱ्यानंतर सातव्या दिवशी ऑर्डर आली. चौदाव्या दिवशी डबा घरातून निघाला. एकोणिसाव्या दिवशी पोचला. पहिली आंघोळ अठराव्या दिवशी होऊन गेली होती. म्हणजे एकूण बारा दिवसांपैकी सात दिवस तो डबा ताईंच्याच घरी रांगेत होता आणि पाच दिवस रस्त्यात. सूचनेत मात्र सगळा उशीर कुरिअरच्या नावावर गेला.

घरातून निघण्याची तारीख आणि रस्त्यातले दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली विक्रेत्याच्या हातात असते, म्हणून तिचा शब्द द्यावा. दुसरीचा फक्त अंदाज द्यावा, पण तो आकड्यात द्यावा.

अंदाज काढायचा कसा, तेही वहीतच आहे. नागपूरला गेलेल्या दहा डब्यांना रस्त्यात लागलेले दिवस असे: ३, ३, ४, ४, ४, ५, ५, ६, ६, ९. सरासरी जवळपास पाच येते. पण "पाच दिवस" सांगितलं तर दहातल्या तिघांना डबा सांगितल्यापेक्षा उशिरा मिळतो. "सहा" सांगितलं तर एकालाच. म्हणून सरासरी सांगू नका, दहातले नऊ डबे ज्या दिवसापर्यंत पोचले तो दिवस सांगा. आणि हे आकडे दिवाळीतल्याच पानांवरून घ्या. श्रावणातल्या पानांवर नागपूर तीन दिवसांचं दिसेल आणि तेच तुम्हाला फसवेल. दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन सेलचा माल त्याच गोदामांतून जात असतो, तिथली माणसं गावी निघालेली असतात, आणि भरलेल्या प्रवासी विमानांत बॅगांनी पोट भरलं की पार्सलच्या गोण्या पुढच्या विमानासाठी मागे राहतात.

आता उलटं मोजू. दसऱ्यापासून पहिल्या आंघोळीपर्यंत तिथीप्रमाणे साधारण अठरा-एकोणीस दिवस मिळतात, आपण अठराच धरू. डबा आदल्या दिवशी पोचायला हवा, म्हणजे सतराव्या दिवशी. रस्त्याचे सहा वजा केले की अकराव्या दिवशी तो कुरिअरच्या हाती पडायला हवा. ताईंच्या घरी दिवसाला बारा डबे भरून होतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू केलं तर दहा दिवसांत १२० डबे. त्यातले दहा फुटणाऱ्या, परत येणाऱ्या डब्यांच्या बदलीसाठी बाजूला ठेवले तर विकायला ११० उरले. पुढच्या तीन दिवसांचे ३६ डबे मुंबई-ठाणे-पुण्यासाठी, कारण तिथे रस्त्यात तीनच दिवस धरावे लागतात.

यावरून कळतं की लांबच्या ऑर्डरची "शेवटची तारीख" ही खरं तर तारीख नसून ११० हा आकडा आहे. तो दसऱ्याच्या आधी भरला तर ऑर्डर त्या दिवशी बंद. एकशे अकरावी ऑर्डर घेणं म्हणजे कोणाचा तरी डबा सांगितलेल्या दिवसानंतर पोचवणं. माझ्या मते लहान विक्रेत्यांचं नाव बहुतेक वेळा इथेच खराब होतं.

ट्रॅकिंगबद्दलही सूचनेत दोन ओळी हव्यात, कारण निम्मे फोन त्यासाठीच असतात. स्पीड पोस्टच्या ट्रॅकिंगवर Item Dispatched दिसल्यावर दोन दिवस काहीच हललं नाही तर घाबरायचं कारण नाही. पार्सल गोणीत बंद असतं आणि गोणी पुढच्या केंद्रावर उघडेपर्यंत नवी नोंद होत नाही. काळजी करायची ती दोन ठिकाणी: एकाच केंद्रावर पोचल्याची नोंद होऊन चार दिवस तिथेच थांबलं, किंवा Out for Delivery दिसून दुसऱ्या दिवशीही डबा आला नाही. दुसऱ्या प्रकारात बहुतेकदा दार बंद असतं, घरचे गावाला गेलेले असतात. म्हणून शेजाऱ्यांचा नंबर ऑर्डर घेतानाच मागून घ्यावा.

परदेशाची सूचना मात्र वेगळी लिहा. २०२५ साली अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची आयात शुल्काची सूट २९ ऑगस्टपासून काढली. भारतीय टपाल खात्याने त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, आणि लक्ष्मीपूजन होतं २१ ला. अशा बदलाची बातमी आली की त्याच दिवशी ग्राहकाला कळवायचं आणि पैसे परत हवेत का ते विचारायचं.

ताईंसाठी मी लिहिलेली सूचना ही. कंसात यंदाच्या पंचांगातली तारीख घालावी:

"नमस्कार. मुंबई, ठाणे, पुण्याबाहेर आम्ही यंदा ११० डबेच पाठवणार आहोत. ते भरले की ऑर्डर बंद करू. तुमचा डबा आमच्या घरातून (तारीख) पर्यंत निघेल, हा आमचा शब्द. निघाल्यावर पावतीचा फोटो पाठवू. ट्रॅकिंगवर Item Dispatched दिसल्यावर दोन दिवस काही हललं नाही तर काळजी नको. एकाच केंद्रावर चार दिवस थांबलं, किंवा Out for Delivery दिसून दुसऱ्या दिवशीही डबा आला नाही, तर आम्हाला कळवा. रस्त्यात सहा दिवस धरा. गेल्या दिवाळीत दहातला एखादा डबा नऊ दिवसांनी पोचला होता. आम्हाला डबा पाठवायला उशीर झाला तर पूर्ण पैसे परत. रस्त्यात उशीर झाला तर आम्ही चौकशी करू आणि रोज संध्याकाळी कळवू, पण पैसे परत देता येणार नाहीत. फुटलेला डबा बदलून देऊ, उघडतानाचा फोटो ठेवा. ओल्या नारळाच्या करंज्या पार्सलने पाठवत नाही, त्या टिकत नाहीत. दिवाळीत गावी जाणार असाल तर तिथला पत्ता आत्ताच द्या."

पैसे परत देण्याची ओळ ताईंना जड वाटली, असं त्या फोनवर म्हणाल्या. ती काढू नका, असंच मी सांगितलं. घरातून निघण्याची तारीख पाळणं त्यांच्या हातात आहे, आणि ११० वर थांबल्या तर ती पाळता येते.

तुमच्याकडे अशी तीन तारखांची वही असेल तर गेल्या दिवाळीची दोन पानं मला पाठवा. विदर्भ आणि कोकणातली पानं विशेष हवी आहेत. आकारमानाचं वजन पुढच्या आठवड्यात.