शितावरून परीक्षा, पण फोटोतून

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर राहणाऱ्या मुलांकडून आईला, मावशीला, आत्याला एक मेसेज हमखास येतो. पातेल्यातल्या भाताचा फोटो आणि खाली प्रश्न, ‘झालाय का?’ हा फोटो बहुतेक वेळा पातेल्यावरून सरळ खाली काढलेला असतो आणि त्यातून फारच थोडं कळतं. पाणी आटत आलं की वरचा थर नुसत्या वाफेवर राहतो, तळाचा मात्र ओलाव्यात. त्यामुळे वरून मोकळा दिसणारा भात खाली गिच्च निघू शकतो. तरीही फोटोवरून भात ओळखता येतो. फक्त फोटो कशाचा काढायचा हे ठाऊक हवं.

सगळ्यात खात्रीचा फोटो दाबलेल्या शितांचा. कच्च्या तांदळातलं पिठूळ द्रव्य, म्हणजे स्टार्च, पांढरं आणि अपारदर्शक असतं. पाणी आत शिरून दाणा तापला की साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान हा स्टार्च फुगतो आणि काचेसारखा होतो. शिजणं बाहेरून आत सरकत जातं, म्हणून शेवटी कच्चा राहतो तो दाण्याचा मध्य. तांदळाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांत याच गोष्टीचा उपयोग करतात. उकळत्या पाण्यातून थोड्या थोड्या वेळाने दहा दाणे काढून दोन काचांमध्ये दाबतात आणि त्यांतल्या नऊ दाण्यांत पांढरा गाभा दिसेनासा झाला की तांदूळ शिजला असं धरतात.

घरी काचा लागत नाहीत. पातेल्याच्या वरून, मधून आणि तळातून मिळून आठ-दहा शितं काढावीत, गडद रंगाच्या ताटलीत ठेवून चमच्याच्या पाठीने चपटी करावीत आणि खिडकीजवळच्या उजेडात जवळून फोटो घ्यावा. मध्ये खडूसारखा पांढरा ठिपका किंवा रेघ दिसली तर भात कच्चा आहे. सगळं शीत एकसारखं धूसर दिसलं तर झाला. पिवळ्या दिव्याखाली हा फरक पुसला जातो, आणि गरम पातेल्यावर फोन धरला की वाफेने कॅमेऱ्याची काच धुरकटते, म्हणून शितं बाहेर काढूनच फोटो काढावा. उकड्या तांदळाला मात्र ही परीक्षा लावू नये. त्याचा स्टार्च गिरणीत भात सडण्याआधीच वाफेवर एकदा शिजलेला असतो, त्यामुळे पांढरा ठिपका नसतानाही दाणा टणक लागू शकतो. तिथे दातांचाच निकाल खरा.

भात जास्त शिजला की नाही हे न दाबलेल्या शितांवरून दिसतं. नीट शिजलेल्या दाण्याची कड अखंड असते. जास्त शिजलेल्याची टोकं फुटतात, कड उकलते, आणि शितांच्या मधल्या फटी चिकट पांढऱ्या लगद्याने भरून जातात.

चिकटपणा पाहायला तिसरा फोटो लागतो. चमचाभर भात ताटलीत उलटा करायचा, हलवायचा नाही, आणि बाजूने फोटो घ्यायचा. मोकळा भात लगेच पसरतो आणि दाण्यांमध्ये सावल्या दिसतात. आसट भात चमच्याचा आकार धरून राहतो. पण इथे निकाल देण्याआधी तांदूळ कोणता हे विचारलंच पाहिजे. स्टार्चमध्ये अमायलोज नावाचा घटक जास्त असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर चिकटतो. बासमतीचा स्वभाव मोकळा. आंबेमोहोर चिकटच होतो, आणि आंबेमोहोर व आयआर-८ यांच्या संकरातून मावळात तयार झालेली इंद्रायणीही तशीच. इंद्रायणीचा भात गोळा धरून बसला तर तो बिघडलेला नाही. वरण-तुपाबरोबर तो तसाच हवा. बासमती तसा दिसला तर मात्र पाणी जास्त झालं. नवा तांदूळ जुन्यापेक्षा अधिक चिकटतो, त्याला पाणीही कमी लागतं.

आता एक नेहमी दिसणारा प्रसंग बघू. परदेशात शिकणारा भाचा बासमतीचा फोटो पाठवतो. वरून भात छान मोकळा. ‘तळातून चमचाभर काढ आणि चार शितं दाबून दाखव रे,’ असं सांगितल्यावर दुसरा फोटो येतो. शितांची टोकं फुटलेली, आणि तरी मध्ये पांढरी रेघ. बाहेरून जास्त आणि आतून कमी, असं हे दुखणं आहे आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी आच असते. मोठ्या आचेवर पाणी भराभर वाफ होऊन जातं, दाण्याची बाहेरची बाजू उकळ्यांनी फुटते आणि आतपर्यंत ओलावा पोचायला वेळच मिळत नाही.

यावरचा उपाय सोपा आहे. वाटीभर तांदळाच्या भातावर तीन-चार चमचे कडकडीत गरम पाणी सगळीकडे शिंपडावं. गार पाणी घालू नये, पातेल्यातली वाफ मोडते. भात ढवळू नये. फुटलेल्या शितांचा स्टार्च बाहेर येऊन सगळ्याचा गोळा होतो. घट्ट झाकण ठेवून, पातेल्याखाली तवा सारून, अगदी मंद आचेवर दहा मिनिटं ठेवावं, मग गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं झाकण उघडू नये. पुन्हा शितं दाबून पाहावीत. पुढच्या वेळी तांदूळ अर्धा तास भिजवला की आधीच आत गेलेल्या पाण्यामुळे ही तक्रार सहसा येत नाही.

शितं अखंड पण भात पाणचट असेल, तर झाकण काढून मंद आचेवर थोडं आटू द्यावं, किंवा झाकणाला आतून स्वच्छ फडकं बांधून भात मुरू द्यावा, म्हणजे वाफेचं पाणी परत भातात पडत नाही. परातीत पसरला तरी बराच सुटतो. शितंच फुटली असतील तर तो भात मोकळा करण्याच्या भानगडीत पडू नये. फुटलेला दाणा पुन्हा सांधत नाही. त्यात दूध-दही घालून दहीभात करावा किंवा मेतकूट-तुपाचा गुरगुट्या भात समजून गरम वाढावा. तळ लागला असेल तर उलथनं तळापर्यंत न नेता वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढावा. करपलेला थर एकदा खरवडला की वास सगळ्या भाताला लागतो.

पाण्याचं प्रमाण दुप्पट, असं सगळे सांगतात. कुकरच्या डब्यात ते मऊ भाताला चालतं, कारण तिथे डब्यातलं पाणी फारसं बाहेर जात नाही. उघड्या पातेल्यात किती पाणी वाफ होऊन जाईल हे भांड्याच्या तोंडावर, झाकणावर आणि आचेवर ठरतं, तांदळाच्या मापावर नाही. म्हणूनच त्याच पातेल्यात तिप्पट तांदूळ घातला आणि पाणीही तिप्पट केलं की भात गिच्च होतो.

तेव्हा भाताचा फोटो पाठवायचा असेल तर तीन पाठवा: दाबलेली शितं, न दाबलेली शितं आणि उलटा केलेला चमचा. सोबत तांदूळ कोणता, जुना की नवा, पाणी किती आणि भांडं कोणतं, एवढं लिहा. आणि कालचा भात बाहेरच राहिला असेल तर त्याचा फोटो पाठवूच नका. शिजवलेला भात रात्रभर बाहेर राहिला की त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष गरम केल्यानेही जात नाही, आणि ते फोटोत दिसत नाही.